स्टॅबिलायझर काढला आणि कन्सोल बंद पडायचा थांबला

एक काका कन्सोल घेऊन आले, म्हणाले गेम खेळता खेळता मध्येच बंद पडतो आणि परत चालू केला की स्क्रीनवर स्टोरेज दुरुस्त करतोय म्हणून दहा दहा मिनिटं अडकून बसतो. लाईटचा प्रॉब्लेम असेल का असं मी विचारलं तर जरा रागावलेच. म्हणे, "अहो, मुद्दाम स्टॅबिलायझर लावलाय, टीव्ही आणि हा दोन्ही त्याच्यावरच आहेत!"

दुकानात दोन तास हेवी गेम लावून ठेवला, काहीच नाही. फॅन साफ, तापमान ठीक. मग म्हटलं तो स्टॅबिलायझर पण घेऊन या. आणि तिथेच केस फिरली.

स्टॅबिलायझर डिमरस्टॅटवर लावला, म्हणजे इनपुट व्होल्टेज हाताने हळूहळू कमी करता येतं. २३० वरून खाली येत १८५ च्या आसपास आलो आणि आतून टक्क आवाज आला, त्याच क्षणी कन्सोल गप्प! टीव्ही मात्र चालूच. परत केलं, परत तेच. मग गेम बंद करून नुसता मेनू ठेवला तर टक्क झालं तरी कन्सोल चालूच राहिला, आणि मला तिथेच कळलं काय चाललंय ते.

त्या टक्क आवाजात रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, ट्रान्सफॉर्मरचा एक टॅप, म्हणजे एका व्होल्टेजची वायर, सोडून दुसरा पकडतो, आणि मधल्या काही मिलिसेकंदात आउटपुटला काहीच नसतं. एरवी कन्सोलच्या पॉवर सप्लायमधला मोठा कॅपॅसिटर तेवढा वेळ भरून काढतो. पण हा कन्सोल जुना, कॅपॅसिटरही जुना, त्यात गेमला साधारण १५० वॅट ओढत होता, मेनूत ७०. लोड दुप्पट म्हणजे साठवण निम्म्या वेळात संपणार. वर व्होल्टेज आधीच कमी, त्यामुळे कॅपॅसिटर भरलेलाही कमीच. स्टॅबिलायझर उघडला तर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले, मध्ये खड्डे पडलेले, म्हणजे ती गॅप नव्या रिलेपेक्षा लांबत असणार. व्होल्टेज वरखाली होत असताना हा दिवसात किती वेळा टकटक करत असेल कोण जाणे, आणि प्रत्येक वेळी सेव्ह चालू असेल तर डिस्कवर अर्धवट लिहिलेली फाईल.

काकांना कन्सोलच्या मागचं स्टिकर दाखवलं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट. त्यांच्या घरी मीटर दोन दिवस लावून ठेवायला सांगितला, १७० ते २३८ आलं. म्हणजे कमी व्होल्टेजचा त्रास कन्सोलला नव्हताच, टीव्हीच्या स्टिकरवरही तीच रेंज होती. स्टॅबिलायझर काढला की उरलेली अडचण फक्त लाईट जाण्याची, आणि लाईट गेली की स्टॅबिलायझर काहीच करू शकत नाही, त्यात बॅटरीच नसते.

मग युपीएस. इथे बहुतेक जण बॉक्सवरचा आकडा बघून फसतात. ६०० व्हीए लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरात ३६० वॅट, खरा आकडा तो. कन्सोल १५० आणि टीव्ही ११०, एकूण २६० वॅट, म्हणजे बसतं पण साउंडबार वगैरे जास्त काही लावायला नको. काकांचं म्हणणं टीव्ही युपीएसवर कशाला, उगाच बॅटरी खाणार. म्हटलं अंधाऱ्या स्क्रीनवर तुमचा मुलगा गेम सेव्ह कसा करणार!

लाईन इंटरॅक्टिव्ह घेतला, म्हणजे थोडं कमीजास्त व्होल्टेज तोच सांभाळतो, आणि फारच वर किंवा खाली गेलं की बॅटरीवर जातो. यातही टॅप बदलायला रिलेच असतो बरं का, त्यामुळे नुसतं नाव बघून विश्वास नको, आपल्याच कन्सोलवर टेस्ट हवीच. हेवी गेम चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद केलं (प्लग ओढायचा नाही, त्याने अर्थिंग पण तुटतं). कन्सोल हललाही नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा पास. डिमरस्टॅटवर पण खालीवर करून बघितलं. मग बॅटरी फुल चार्ज करून घड्याळ लावलं, ८ मिनिटं चालला. नवीन बॅटरीचे हे ८ आहेत, दोनतीन वर्षांत कमी होत जाणार, म्हणून मुलाला सांगितलं बीप वाजली की आधी सेव्ह, मग मेनूतून नीट बंद कर, मॅच संपवायच्या नादात राहू नको.

जाताना काकांनी विचारलं, आता या स्टॅबिलायझरचं काय करू, युपीएसच्या आधी लावू का? नको म्हटलं, त्याच्या प्रत्येक टक्कला युपीएस बॅटरीवर उडी मारेल आणि बॅटरी लवकर जाईल. शेवटी तो माझ्याच टेबलावर राहिला, रिले बदलून देतो म्हटलंय, पण अजून वेळ मिळालेला नाही.