उत्तर मिळालं, पण भलत्याच प्रश्नाचं

सध्या सुटीत नागपूरला आले आहे. दादा घरांच्या गच्चीवर सोलर बसवून देतो. परवा एका परदेशी कंपनीचं नव्या इन्व्हर्टरबद्दल, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीबद्दल, ऑनलाइन प्रेझेंटेशन होतं, तेव्हा मीही त्याच्या शेजारी बसले. बोलणारे गृहस्थ इंग्लंडमधले होते. शेवटी दादाने विचारलं, "सर, आय हॅव अ डाउट. हाउ इट वर्क्स इन हाय टेंपरेचर?"

गृहस्थ जरा थबकले आणि पॅनेलबद्दल बोलू लागले. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजतात, त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, वगैरे. सगळं खरं, पण दादाला इन्व्हर्टरचं हवं होतं. माइक बंद करून तो म्हणाला, "हे त मले माहीतच आहे. काहून सांगून राहिला हा? जाऊ दे."

इंग्लंडमध्ये लीड्सला गेल्यावर पहिली दोन वर्षं मीही असंच "जाऊ दे" म्हणत गप्प बसायचे. म्हणून त्याला थांबवलं.

पहिली अडचण "डाउट" या शब्दाची. आपण तो "शंका" या अर्थाने वापरतो. तिकडच्या माणसाला त्यातून "तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही" असं ऐकू येतं, आणि तो स्वतःची बाजू मांडायला लागतो. तिथे साधं "क्वेश्चन" म्हणावं. दुसरी अडचण म्हणजे प्रश्नात "इट" म्हणजे कोण, हेच नव्हतं.

अशा वेळी "नो सर, माय क्वेश्चन इज डिफरंट" हे आपल्या तोंडी पटकन येतं. पण भरसभेत ते "तुम्हाला कळलं नाही" असं लागतं. मी तिथे शिकले तो क्रम वेगळा आहे. आधी जे मिळालं ते नाव घेऊन स्वीकारायचं, मग गोंधळ आपल्याकडे घ्यायचा, आणि मगच एक नेमकी गोष्ट विचारायची. दादाला कागदावर लिहून दिलं: "थँक यू, दॅट कव्हर्स द पॅनेल्स. आय पुट माय क्वेश्चन टू ब्रॉडली. अॅट व्हॉट एअर टेंपरेचर डज द इन्व्हर्टर स्टार्ट रिड्यूसिंग इट्स आउटपुट?" आतले भाग जास्त तापले की इन्व्हर्टर स्वतःला जपण्यासाठी वीज कमी द्यायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना गिऱ्हाईक नेमकं हेच विचारतं.

दादाने वाचून दाखवलं. उत्तर आलं, "उष्ण देशांत आमचा अनुभव फार चांगला आहे."

ही अडचण वेगळी. आता प्रश्न कळला होता, पण उत्तरात आकडा नाही, अट नाही, ठिकाण नाही. इथे तोच प्रश्न पुन्हा समजावून काही उपयोग नसतो, कारण माणूस तेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत परत देतो. प्रश्न इतका लहान करायचा की एका शब्दात उत्तर देता यावं, आणि आकडा जवळ नसेल तर त्याला मोकळी वाटही ठेवायची. "वुड इट बी निअरर फॉर्टी ऑर फिफ्टी? ऑर इज दॅट समथिंग आय शुड लुक फॉर इन द डेटाशीट?" हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. बऱ्याचदा मोघम बोलणाऱ्याला काही लपवायचं नसतं. आकडा आठवत नसतो, आणि चारचौघांत तसं म्हणवत नाही.

एक चूक मात्र दादा करणारच होता. "सो इट डझन्ट रिड्यूस बिफोर फॉर्टी-फाइव्ह?" असं नकारार्थी विचारू नये. मराठीत "कमी होत नाही ना?" याला "हो" म्हटलं, तर होत नाही असा अर्थ. इंग्रजीत त्याच "यस"चा अर्थ "होते" असा घेतला जातो. दोघेही खूश होऊन उठतात, अन् दोघांच्या डोक्यात वेगवेगळी उत्तरं असतात. म्हणून होकारार्थी विचारायचं: "डज इट गिव्ह फुल पॉवर अप टू फॉर्टी-फाइव्ह?"

दादाने तसंच विचारलं. गृहस्थ हसले. "४५ पर्यंत पूर्ण, पण सावलीत. उन्हात पेटी स्वतःच तापते, म्हणून आधीच कमी होईल. आलेख पाठवतो."

इथे दादाला आणखी विचारायचं होतं, पण मी मान हलवली. सभेत प्रश्न दोनदा नव्याने मांडून झाला की पुढचं मेलवर. त्यानंतरही विचारलं की ते उलटतपासणीसारखं वाटतं, आणि बाकीच्यांचा वेळ जातो तो वेगळाच. त्याने लगेच मेल टाकला, एकच प्रश्न, वर त्यांचंच वाक्य: "तुम्ही सावलीत ४५ म्हणालात, मी बरोबर समजलो ना?"

काल आलेख आला. मनीषनगरच्या कामात इन्व्हर्टर गच्चीच्या कठड्याला लावायचा होता. आता तो जिन्याच्या खोलीत, सावलीतल्या भिंतीवर जाणार आहे.