मूळ संदर्भ द्या, म्हणे!

पीएच.डी.चं कोर्सवर्क झालं, प्रश्नावल्या भरून आल्या, आकडेवारीही निघाली. घोडं अडलं ते संदर्भांवर. प्री-सबमिशनला समितीतल्या एका सरांनी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या समासात लाल पेनाने जागोजागी लिहून ठेवलं होतं, 'पाठ्यपुस्तक चालणार नाही, मूळ संदर्भ द्या.' का चालणार नाही, ते एकाही ठिकाणी नाही. विभागात विचारलं तर 'सरांनाच विचारा', आणि सर परीक्षेच्या कामाला बाहेरगावी. आमची सही अडकलेली.

माझा विषय कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांचं कार्यसमाधान, म्हणजे मानसशास्त्रज्ञ मास्लो आलाच. गरजांचा पिरॅमिड आणि 'खालची गरज पूर्ण झाल्याशिवाय वरची जागी होत नाही' हे वाक्य मी पाठ्यपुस्तकातून घेतलं होतं, त्या पुस्तकाचं नाव आणि पान देऊनच. एका सीनियरने झटपट उपाय सुचवला, 'पुस्तक खोड, मास्लो १९४३ टाक, कोण बघतंय?' आमच्याकडे असंच चालतं. न वाचलेला लेख वाचलाय असं छापून सांगणं मला काही जमेना.

मास्लोचा लेख ज्यात छापून आला त्या 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू'चे इतके जुने अंक ग्रंथालयात नव्हते. दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवायचा अर्ज भरला आणि वाट बघत बसले. हा अर्ज भरण्याआधी एक करा: psychclassics.yorku.ca बघा. मानसशास्त्रातले कितीतरी जुने लेख टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठाच्या या साइटवर फुकट वाचायला मिळतात. मास्लोचा लेख तिथेच होता आणि मी कार्यालयाच्या खेपा घालत होते!

लेख वाचला आणि सरांवरचा राग थोडा दुसरीकडे वळला. लेखात पिरॅमिड नाहीच. पाच गरजा आहेत, त्यांचा क्रमही आहे, पण हा क्रम वाटतो तितका ताठर नाही, असं मास्लो स्वतःच सांगतो. काहींना प्रेमापेक्षा प्रतिष्ठा आधी लागते, अशी उलटी उदाहरणंही तो देतो. खालची गरज शंभर टक्के भागली की मगच वरची उगवते, हा समज तर तो नाव घेऊन खोडतो. समजण्यापुरते मनाने घेतलेले आकडे म्हणून तो लिहितो की सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, स्वाभिमानाच्या ४० आणि आत्मसिद्धीच्या १० टक्के. म्हणजे पाचही गरजा एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या भागलेल्या. पाठ्यपुस्तकातल्या वाक्याच्या नेमकं उलट. सीनियरचं ऐकलं असतं तर मास्लोने जे नाकारलं तेच त्याच्या नावावर चिकटवलं असतं.

मग पिरॅमिड आला कुठून? ब्रिजमन आणि सहकारी संशोधकांनी २०१९ मध्ये हे खणून काढलं. त्यांच्या मते तो चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागाराच्या १९६० च्या व्यवस्थापनविषयक लेखातून पसरला. त्यामुळे माझ्या परिच्छेदाची फाळणी झाली. पाच गरजा आणि त्यांचा क्रम मास्लोच्या नावावर गेला, पान क्रमांकासह. पिरॅमिडचा उगम ब्रिजमन यांच्या नावावर. आणि 'शिक्षक-प्रशिक्षणात हा सिद्धान्त पायऱ्या म्हणूनच शिकवतात' या वाक्याला पाठ्यपुस्तकच ठेवलं. तिथे पुस्तक हाच पुरावा आहे, त्याला मूळ संशोधन कुठून आणू?

सर परतल्यावर एवढं त्यांना पटलं. मग गाडी दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी-चाचणीवर आली. तिथेही मूळ लेख हवा! पण ही चाचणी जिथून सुरू झाली, त्या 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाच्या १९०८ च्या लेखात आजचं टी हे मापच नाही, तो झेड नावाचं वेगळं गुणोत्तर वापरतो. मी स्त्री आणि पुरुष शिक्षकांची तुलना केली होती. दोन स्वतंत्र गटांची ती चाचणी नंतर संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ च्या सुमारास मांडली. स्टुडंटचं नाव टाकलं असतं तर दिसायला भारी आणि संदर्भ चुकीचा. सर्वमान्य झालेली पद्धत किंवा सूत्र असेल, तर चांगलं संख्याशास्त्राचं पुस्तक, आवृत्ती आणि पान पुरेसं. 'कोणी काय शोधलं, किती लोकांवर, काय आकडा आला' असं वाक्य असेल तर मात्र मूळ लेख उघडायलाच हवा. सरांनी बराच वेळ पानं उलटली आणि लाल खूण काट मारून मिटवली. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हो, एक राहिलंच. एखादं मूळ लिखाण मिळतच नसेल किंवा आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल, तर मजकुरात मूळ लेखक आणि त्याला उद्धृत करणारा, दोघांचं नाव द्या, 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत शेवटच्या यादीत मात्र फक्त आपण हातात घेतलेलं पुस्तक येतं. टंकलेखकाने माझ्या यादीत दोन्ही घातली होती, सही व्हायच्या आदल्या संध्याकाळी बसून काढली.