तक्रार अर्ज, हरकत आणि चहाची तलब

"तुम्ही मस्कतला राहिलात, अरबी शिकलात, मग मराठीत एवढे अरबी शब्द आहेत त्याचा फायदाच झाला असेल ना?"

झाला की, हसं व्हायला. पहिल्याच महिन्यात रूमचा एसी गळायला लागला, मला वाटलं तक्रार तर अरबी शब्द आहे, आपला हक्काचा, म्हणून ऑफिसमधल्या माणसाला ऐटीत सांगितलं, "इंदी तकरार", म्हणजे माझी तक्रार आहे. तो बिचारा म्हणतो, कशाची? म्हटलं, एसीची. तो आणखीच गोंधळला, कारण अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा होणं, रिपीट. एसी रिपीट झालाय, म्हणजे नक्की काय झालंय?

मग घरी बसून विचार केला की हे असं झालं कसं. तीच तीच गोष्ट दोघांनी परत परत बोलणं म्हणजे हुज्जत, हिंदी-उर्दूतली तकरार या भांडणापाशी येऊन थांबली. आपण आणखी एक पाऊल पुढे गेलो आणि भांडण सोडून गाऱ्हाण्यावर आलो. तसं बघायला गेलं तर ठाण्यात आमच्या सोसायटीत वरच्या फ्लॅटच्या लीकेजसाठी मी तिसऱ्यांदा कागद दिला तेव्हा ती अस्सल अरबी अर्थानंही तक्रारच होती म्हणा.

अर्जाचं तर वेगळंच. मॉलमध्ये साबणाच्या ढिगाऱ्यावर पाटी, अक्षरं नुकतीच लागायला लागली होती, वाचलं तर आपला 'अर्ज'! साबणाला कसला अर्ज? पण अरबीत त्याचा अर्थ समोर मांडणं, त्यावरून प्रदर्शन आणि दुकानातली ऑफर. आपण साहेबापुढे म्हणणं मांडतो तो अर्ज, ते गिऱ्हाइकापुढे साबण मांडतात.

आणि हा शब्द अरब माणसाच्या तोंडून ऐकला तर तुम्हाला कळणारच नाही, कारण त्याच्या शेवटी आपला ज नाहीच, जड जिभेचा एक द-सारखा आवाज आहे. इराणी लोकांना तो जमेना, त्यांनी त्याचा झ केला (इंग्रजी झेडसारखा), आणि आपण झ चा ज. जिल्ह्याचा ज तोच, मूळ शब्दाचा अर्थ बरगडी किंवा बाजू. मजबूतमधला ज पण तोच, तिकडे मजबूत म्हणजे अचूक, बरोब्बर. 'मजकूर'मधला ज दुसऱ्या अक्षराचा आहे, पण वाट तीच. मूळ अर्थ 'उल्लेख केलेला', जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं गाव, पुढे वर काय लिहिलंय तोच मजकूर झाला. म्हणून कुठल्या शब्दात असा ज दिसला की समजायचं, हा अरबस्तानातून थेट आलेला नाही, फारसीतून आलाय. बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या दफ्तरात फारसी चालायची, तिथून हे शब्द आपल्याकडे आले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे अर्थ वाटेतच बदलायला लागले होते. ज नसला तर मात्र ही खूण कामाची नाही, तक्रारीत कुठंय ज?

बरं मग अरब माणूस अर्जाला काय म्हणतो? तलब! म्हणजे मागणी. हॉटेलात ऑर्डर दिली तरी तलबच. आपल्याकडे मात्र तलब चहाची नाहीतर तंबाखूची येते, ती मागणी बाहेरून नाही, आतून होते, आणि मला विचाराल तर हा बदल मूळ अर्थापेक्षा भारी आहे. हरकत घेण्याला ते जो शब्द वापरतात, उर्दूतला एतराज, तो अर्जाच्याच धातूतून निघालाय. म्हणजे अख्खं खातंच उलटसुलट.

राहिली आपली हरकत. अरबीत ती निव्वळ हालचाल. आमचे अरबीचे सर म्हणायचे हरकती द्या, तेव्हा मला आधी महापालिकेची 'हरकती व सूचना' नोटीस आठवायची, सरांना हवी असायची अक्षरांवरची स्वरचिन्हं, कारण तीच अक्षराला हलवतात, म्हणजे उच्चार देतात. हिंदीत हरकत म्हणजे उद्योग, बहुतेक वेळा नको तो. मराठीत दुसऱ्याच्या कामात केलेली अशी हालचाल म्हणजे अडथळा झाली आणि अडथळ्याचा झाला आक्षेप. सोसायटीचा नाहरकत दाखला अरबाला शब्दशः सांगितला तर त्याला वाटेल कुणी हलायचं नाही असं लिहून दिलंय.

पण जुना अर्थ मराठीतून गेलाय असंही नाही हं. गडकरी रंगायतनला गाणं ऐकत होतो, बाईंनी वरच्या सुरावरून अशी झर्रकन एक जागा घेतली की शेजारचे काका म्हणाले, "वा, काय हरकत घेतली!" आणि त्यांच्या मागचा पोरगा मित्राला विचारतोय, "कुणी घेतली रे, कशावर?"