ऋषिपंचमीची ओपीडी

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कुडाळला दवाखाना उघडा ठेवला की काय काय येणार, हे एव्हाना पाठ झालं आहे. मोदक आणि करंज्या खाऊन बिघडलेली पोटं, फटाक्यानं भाजलेला एखादा हात, रात्रभर भजन करून बसलेले आवाज आणि सुजलेले पाय. हे पाय बहुतेक चाकरमान्यांचे. महामार्गावर माणगावच्या अलीकडे-पलीकडे गाड्या तासन्‌तास अडकतात आणि माणसं घरी पोचतात ती घोट्याजवळ चपलेचे वळ घेऊन. अशी सूज दोन्ही पायांना असते, दुखत फारसं नाही आणि रात्री पायाखाली उशी घेऊन झोपलं की सकाळपर्यंत उतरते. त्यासाठी मी औषध देत नाही.

त्या ऋषिपंचमीला सकाळी आलेल्या बाईंचा मात्र एकच पाय सुजला होता. डावा.

वय ४४. राहायला डोंबिवली, सासर आमच्याच तालुक्यात. सोबत नवरा आणि सासूबाई. हरतालिकेच्या आदल्या रात्री वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या बसमधून निघाल्या. एरवी दहा-बारा तासांचा रस्ता, त्याला १९ तास लागले. त्यांची सीट शेवटच्या रांगेत खिडकीला, पायाखाली मखराच्या सामानाची बॅग. त्यामुळे गुडघे सगळा वेळ वर दुमडलेले. रस्त्यात बायकांना जायची धड सोय नाही म्हणून पाण्याची बाटली उघडलीच नाही आणि दुसऱ्या दिवशी हरतालिकेचा उपास. बस दोनदा थांबली तेव्हाही त्या उतरल्या नाहीत, कारण उतरायचं तर पुढच्या चौघांना उठवायला लागलं असतं.

चतुर्थीच्या सकाळी पोटरीत गोळा आल्यासारखं वाटलं. नैवेद्याच्या गडबडीत दुर्लक्ष झालं. संध्याकाळपर्यंत पोटरी दगडासारखी झाली आणि पाऊल टेकवलं की कळ जायला लागली.

"माका वाटला, प्रवासान पाय भरलो असतलो. उंडीच्या तेलान चोळलंय, म्हटलंय चोळल्यार उतरात," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे उंडीचं तेल हा सांधेदुखीचा पहिला उपाय. त्यांनी तो मायेनंच केला होता. मी फक्त एवढंच म्हणालो की आजपासून या पायाला कुणी चोळायचं नाही, शेकायचंही नाही.

पोटरीत येणारा पेटका वेगळा. तो झटक्यात येतो, माणूस ओरडतो, आणि पाय ताणला की थोड्या वेळात सुटतो. मागे सूज ठेवत नाही. स्नायू ताणला गेला असेल तर पाय घसरला, जिना चुकला, असं काहीतरी आठवतं. कातडीखाली जंतुसंसर्ग असेल तर ताप असतो, कातडी लालभडक होते, कुठंतरी जखम किंवा बोटांच्या बेचकीत चीर सापडते. इथं यातलं काहीच नव्हतं. पोटरी गरम होती, मागच्या बाजूनं मधोमध दाबलं की बाई कळवळत होत्या आणि नडगीवर अंगठा दाबून उचलला की खळगा तसाच राहत होता. उजव्या पायाला असा खळगा पडत नव्हता.

मी टेप काढली. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. उजवी ३५ सेंटिमीटर, डावी ३९. तीनहून जास्त फरक असला की त्याला एक गुण. खोल शिरेच्या वाटेवर दुखणं, त्याला एक. एकाच पायाला खळगा पडणारी सूज, त्याला आणखी एक. अशी एक गुणपद्धत आम्ही वापरतो, तिला वेल्सचा स्कोअर म्हणतात. दोन किंवा त्याहून जास्त गुण झाले की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची दाट शक्यता धरून पुढं जायचं. बाईंचे तीन झाले. गंमत म्हणजे या यादीत लांबच्या प्रवासाला गुणच नाही. प्रवास आपल्याला शंका घ्यायला लावतो, पण निर्णय पायाकडे बघून घ्यायचा असतो.

पोटरीचे स्नायू चालताना आवळतात आणि त्यांच्यात दडलेल्या खोल शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. माणूस तासन्‌तास गुडघे मुडपून बसला की हा पंप बंद पडतो. शिरांमध्ये झडपा असतात, त्यांच्या कोपऱ्यात रक्त साचून राहतं आणि तिथं गुठळी धरते. तरीही प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही. चार तासांहून लांबच्या प्रवासानं धोका दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं, पण धडधाकट माणसात मुळात तो धोकाच कमी. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासाचा त्यांचा हिशोब साधारण ६,००० जणांत एक असा आहे. म्हणून गुठळी सापडली की मी प्रवासासोबत दुसरं काय होतं ते शोधतो. हल्लीचं ऑपरेशन, प्लॅस्टर, बाळंतपण, कॅन्सर, घरात कुणाला आधी अशी गुठळी, आणि हार्मोनच्या गोळ्या.

"कुठलं औषध चालू आहे का?"

"नाही, काहीच नाही."

गणपतीच्या दिवसांत एवढ्या उत्तरावर मी थांबत नाही. नवरा आणि सासूबाईंना बाहेर बसवलं आणि आमच्या सिस्टरना आत पाठवलं. दोन मिनिटांत त्या बाहेर आल्या. गौरीपूजनाच्या दिवशीच पाळीची तारीख येत होती. शेजारणीनं सांगितलं, म्हणून बाईंनी केमिस्टकडून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या. पाच मिलिग्रॅमची नॉरेथिस्टेरॉन, दिवसातून तीनदा, प्रवासाच्या चार दिवस आधीपासून. चिठ्ठी कुणी मागितली नव्हती. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, आजारी कुठं होत्या त्या?

ही गोळी प्रोजेस्टेरॉनच्या जातीची, आणि त्या जातीच्या गोळ्यांनी गुठळ्या फारशा होत नाहीत, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण नॉरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. गर्भनिरोधनासाठी ती अगदी छोट्या डोसात देतात, तेव्हा याला महत्त्व नसतं. पाळी थांबवायला दिवसाला पंधरा मिलिग्रॅम लागते, तेव्हा तो भाग नेहमीच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनच्या जवळपास जातो आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. त्यात १९ तास मुडपलेले गुडघे.

सिस्टरनी आणखी एक गोष्ट आणली, आणि मला जास्त काळजी तिची वाटली. सकाळी पाणंदीतून गाडीपर्यंतची घाटी चढताना बाईंना धाप लागली होती आणि खोल श्वास घेतला की उजव्या कुशीत टोचत होतं. "वजन वाढलंय ना," असं त्यांचं स्वतःचं स्पष्टीकरण. नाडी ११२, ऑक्सिजन ९४, रक्तदाब ११८/७६. ईसीजीत ठोके जलद एवढंच. पायातली गुठळी पायातच राहिली तर पाय दुखतो, सुजतो. तिचा तुकडा सुटला तर वाटेत तो अडत नाही, कारण शिरा वर जाताना रुंदच होत जातात. तो हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या धमनीत जातो आणि तिथं फांद्या बारीक व्हायला लागल्या की अडकतो. छोटा असेल तर टोचतं, धाप लागते. मोठा असेल तर माणूस चक्कर येऊन पडतो, आणि कधी उठतच नाही.

पंचमीला सोनोग्राफी सेंटर बंद. आमचे रेडिओलॉजिस्ट घरी, त्यांचा दीड दिवसाचा गणपती, दुपारी विसर्जन. अशा वेळी तपासणी होईपर्यंत वाट बघायची नसते. शक्यता दाट असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल तर उपचार आधी सुरू करायचा. लघवीची गर्भचाचणी केली, ती निगेटिव्ह. अल्सर, ऑपरेशन, रक्त पडणं यातलं काही नव्हतं. हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि किडनीसाठी क्रिएटिनिनचं रक्त काढून घेतलं. वजन ६४ किलो, किलोमागे एक मिलिग्रॅम या हिशोबानं रक्त गोठू न देणारं एनॉक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम पोटाच्या कातडीखाली टोचलं. गुठळीची शंका तपासणारी डी-डायमर ही रक्तचाचणी करूया का, असं आमच्या नव्या ज्युनियरनं विचारलं. ती चाचणी शक्यता कमी असताना कामाची, निगेटिव्ह आली की रुग्णाला निश्चिंत घरी पाठवता येतं. इथं ती काहीही आली तरी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, चुकणार नव्हती.

फोन केल्यावर रेडिओलॉजिस्ट आरती आटोपून सोवळ्यावर शर्ट चढवून आले. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. जांघेपासून सुरू करून ते शिरेवर प्रोब दाबत खाली येतात. निरोगी शीर दाबली की पडद्यावर मिटते, शेजारची धमनी मात्र गोल राहते. जांघेत शीर मिटली, मांडीच्या मध्यावर मिटली. गुडघ्याच्या थोडं वर आल्यावर मिटेना. गुडघ्यामागची शीर तर फुगून धमनीपेक्षा जाड झाली होती आणि आत राखाडी गाळ. "मिटत नाही बघ," एवढंच म्हणाले आणि रिपोर्ट हातानं लिहून दिला.

फुप्फुसाचा सीटी अँजिओ आमच्याकडे होत नाही. अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून त्यांना गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला पाठवलं. नवऱ्याला ते अवघड वाटत होतं. बायको बोलते आहे, हसते आहे, घरात गणपती आहे, पोटरी तर दुखते, त्यासाठी गोव्याला? मी त्याला ऑक्सिमीटरवरचा ९४ दाखवला आणि पाय नव्हे, छाती तपासायला पाठवतोय, असं सांगितलं. सीटीत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या दोन फांद्यांत गुठळ्या निघाल्या. हृदयावर ताण नव्हता, त्यामुळे गुठळी विरघळवायचं जोखमीचं इंजेक्शन लागलं नाही.

रिव्हारोक्सॅबॅनच्या गोळ्या सुरू होऊन बाई गौरी गेल्यावर परत आल्या. पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा, मग २० मिलिग्रॅम एकदा, जेवणासोबत, निदान तीन महिने. याला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात, पण ती असलेली गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, बाकीचं काम शरीर सावकाश करतं. म्हणून पाय हलका वाटला तरी गोळी सोडायची नसते. पाळीची गोळी बंद केल्यावर पाळी आलीच, आणि या औषधामुळे भरपूर आली. तीन-चार दिवस रक्तस्राव जास्त राहील आणि तासाला एक पॅड भिजायला लागला तर लगेच कळवायचं, हे आधीच सांगून ठेवलं होतं. तेवढी वेळ आली नाही, हिमोग्लोबिन एक पॉइंटनं उतरलं. सासूबाई त्या दिवसांत सुनेला हातात चहा आणून देत होत्या, हे सिस्टरनी मला मुद्दाम सांगितलं.

डिसेंबरात डोंबिवलीच्या फिजिशियननी गोळ्या बंद केल्या. पाळी लांबवायची ती गोळी आणि इस्ट्रोजेन असलेली कुठलीही गोळी पुन्हा घ्यायची नाही, हे त्यांच्या फाइलवर लाल शाईनं लिहिलं आहे. शिमग्याच्या आधी नवऱ्याचा फोन आला, बसनं यावं का? मी म्हटलं, रेल्वेनं या, कडेची सीट घ्या, तासा-दीड तासानं डब्यात फेरी मारायला लावा, गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे मापाचे घ्या. प्रवासापुरती रक्त पातळ करायची गोळी द्यायची का, हे तिथले फिजिशियन ठरवतील, तिकिटाच्या आधी त्यांना विचारा.

"तिकीट तर काढून झालंय, डॉक्टर," तो म्हणाला, "पण विचारतो."