आमची वाटचाल : खात्यावर राहिलेल्या जमा रकमा

नागदेवी स्ट्रीटवरील आमची पेढी बेअरिंग, व्ही-बेल्ट आणि यंत्रांचे सुटे भाग विकते. ग्राहक बहुतेक अंधेरी, साकीनाका, वसई आणि भिवंडीकडील लहान कारखानदार आहेत. वडिलांच्या काळी वसुलीला जाणारा माणूस धनादेश घेऊन येई तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बिलांचे क्रमांक लिहिलेले असत आणि खतावणीत नोंद करताना कोणती रक्कम कोणत्या बिलाची, हा प्रश्न फारसा पडत नसे. पुढे पैसे एनईएफटीने थेट बँकेत येऊ लागले. बँकेच्या उताऱ्यात ग्राहकाचे नाव, यूटीआर क्रमांक आणि रक्कम एवढेच दिसते. शिवाय पुष्कळ ग्राहक बिलाची नेमकी रक्कम न पाठवता गोल आकडा पाठवतात. ग्राहक वाढत गेले तसे आमच्या हिशेबातले सर्वांत नाजूक काम हेच ठरले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

एक उदाहरण घेतो. अंधेरीच्या एका कारखान्याला आम्ही दोन बिले दिली होती. 211 क्रमांकाचे 35,400 रुपयांचे आणि 228 क्रमांकाचे 23,600 रुपयांचे, म्हणजे मिळून 59,000 रुपये. बँकेत 60,000 रुपये आले, पण कोणत्या बिलांपोटी ते कळवलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात 228 मधील काही बेअरिंग चुकीच्या मापाची मागवली गेली म्हणून परत आली आणि 5,000 रुपये अधिक 900 रुपये जीएसटी, अशी 5,900 रुपयांची क्रेडिट नोट आम्ही काढली. त्यानंतर 47,200 रुपयांचे 240 क्रमांकाचे बिल झाले आणि त्यापोटी ग्राहकाने स्वतःचा हिशेब करून 40,300 रुपये पाठवले.

आता टॅलीमध्ये पहिली 60,000 रुपयांची पावती `On Account` म्हणून टाकली, क्रेडिट नोट नुसती स्वतःच्या क्रमांकाने ठेवली आणि 40,300 रुपये 240 ला लावले, तर ग्राहकाच्या खात्याची एकूण बाकी बरोबर शून्य दिसते. मात्र बिलवार यादी उघडली की 211 आणि 228 ही दोन्ही बिले पूर्ण थकलेली, तर 240 पैकी 6,900 रुपये येणे, अशी 65,900 रुपयांची येणे बाकी दिसते आणि समोर तेवढीच रक्कम कोणत्याही बिलाला न लागता जमा बाजूला पडून असते. वसुली करणारा माणूस बिलांची यादी हातात घेऊन फोन करतो, एकूण बाकी पाहून नव्हे. ज्याने सगळे पैसे चुकते केले आहेत, त्याच्याकडे 59,000 रुपयांची जुनी थकबाकी मागितली जाते. वर्षानुवर्षे माल घेणारा ग्राहक अशा एका फोनने दुखावतो आणि ते दुखावणे मला योग्यच वाटते.

हे टाळण्यासाठी आम्ही जो क्रम ठरवला, तो 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 59 ते 61 शी जुळणारा आहे. ग्राहकाने रक्कम कशापोटी हे सांगितले असेल, तर आपण ती स्वीकारल्यावर तिथेच लावली पाहिजे. त्याने शब्दाने सांगितले नसले, तरी परिस्थिती बोलत असते. आपण एका बिलाचे 23,600 रुपये मागितले आणि नेमके 23,600 रुपयेच आले, तर ते त्याच बिलाचे होत. काहीच कळत नसेल, तर कोणत्या देय रकमेपोटी लावायचे हे ठरवण्याची मुभा घेणेकऱ्याला असते. आणि दोघांनीही काही ठरवले नाही, तर जुने देणे आधी फिटते. आम्ही मुभा असतानाही जुने बिल आधी घेतो, पण ग्राहकाने ज्या मालाबद्दल तक्रार केली आहे ते बिल त्याला विचारल्याशिवाय मिटवत नाही.

त्याप्रमाणे वरील 60,000 पैकी 59,000 रुपये `Agst Ref` निवडून 211 आणि 228 ला लावले आणि जादा 1,000 रुपये `Advance` म्हणून पावतीच्या क्रमांकाने ठेवले. त्याच दिवशी ग्राहकाला संदेश गेला : “आपले 60,000 रुपये मिळाले. बिल 211 व 228 पूर्ण जमा. 1,000 रुपये शिल्लक असून पुढील बिलात वळते करू. वेगळे हवे असल्यास कृपया कळवावे.” क्रेडिट नोट आली तेव्हा 228 आधीच मिटलेले होते, म्हणून ती रक्कम त्या बिलाला लावून बिल उणे करण्याऐवजी `New Ref` ने स्वतंत्र उभी केली. 240 तयार झाल्यावर एक जर्नल नोंद केली. तीत त्याच ग्राहकाच्या खात्यावर 1,000 आणि 5,900 रुपये त्या दोन संदर्भांना नावे टाकले आणि 6,900 रुपये 240 ला जमा केले. खात्याची बाकी या नोंदीने एका रुपयानेही बदलत नाही. फक्त रकमा आपापल्या बिलाला जाऊन मिळतात. 240 पोटी 40,300 रुपये येणे राहिले आणि तेवढेच आले.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मागील जमा रक्कम नव्या बिलाच्या किमतीतून कधीही कापू नये. 240 ची किंमत 40,000 रुपये आणि त्यावरचा कर 7,200 रुपये तसाच राहिला पाहिजे. परत आलेल्या मालाचा 900 रुपये कर क्रेडिट नोटमधून कमी होतो आणि ग्राहक आपल्याकडील तेवढे क्रेडिट उलटवतो. तीच रक्कम नव्या बिलाच्या दरातही कमी केली, तर एकच वजावट दोनदा होते आणि दोघांची विवरणपत्रे जुळत नाहीत. जादा आलेल्या 1,000 रुपयांवर आम्हाला कर भरावा लागत नाही, कारण मालाच्या आगाऊ रकमेवरील जीएसटी 15 नोव्हेंबर 2017 पासून घ्यावा लागत नाही. दुरुस्तीसारखी सेवा देणाऱ्यांना मात्र ही मोकळीक नाही, त्यांनी आगाऊ रकमेचा कर वेगळा पाहावा.

अडचण येते ती एकाच मालकाच्या दोन पेढ्यांमध्ये. भिवंडीच्या पेढीचे बिल असते आणि पैसे वसईच्या पेढीच्या खात्यातून येतात. मालक एक असला, तरी जीएसटी क्रमांक आणि खाती वेगळी आहेत. म्हणून लेखी संमतीचा मेल आल्याशिवाय आम्ही रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेत नाही, मग तोवर ती `On Account` पडून राहिली तरी चालते.

एरवी `On Account` मध्ये काहीही आठवड्यापलीकडे राहू द्यायचे नाही, असा आमचा नियम आहे. दर शनिवारी हिशेबनीस बिलवार यादीतील जमा बाजूच्या रकमा वेगळ्या काढतात आणि ज्या खात्यावर एकाच वेळी थकलेले बिल आणि न लावलेली जमा दोन्ही दिसतात, ते खाते प्रथम हातात घेतात. 31 मार्चला ज्या ग्राहकांची निव्वळ जमा बाकी उरते, ती इतरांच्या येण्यातून वजा न करता ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम म्हणून देण्यांत दाखवतो आणि प्रत्येकाला बाकीची खात्री करणारे पत्र पाठवतो. ज्यांचा व्यवहार थांबला आहे, त्यांच्या पत्रात रक्कम परत पाठवण्यासाठी बँक खात्याचा तपशील मागतो. उत्तर आले नाही, तरी ती रक्कम उत्पन्नात घेत नाही. ग्राहकाच्या नावाने ती तशीच देणे म्हणून पुढील वर्षात नेली जाते आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पत्र जाते.