सहा माणसांच्या वर्कशॉपचं क्वालिटी मॅन्युअल

हिंगणघाटजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल आणि माझ्यासकट सहा माणसं. जिनिंगच्या मशीनला लागणारे बुश नि शाफ्ट आम्ही करतो. गिऱ्हाइकानं आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट आणि मॅन्युअल मागितलं. खरं तर २०१५ च्या आवृत्तीत मॅन्युअल सक्तीचं नाही, पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार!

एका सल्लागारानं ८० पानांचं तयार मॅन्युअल दिलं. त्यात डिझाइन विभाग होता, क्यूसी मॅनेजर होता. लेथवरच्या गजाननभाऊंनी पानं चाळली आणि म्हणाले, "भाऊ, हा मॅनेजर कुठी बसते आपल्याकडं?"

पहिल्या ऑडिटला तेच अंगाशी आलं. ऑडिटरनं ऑफिसात न बसता थेट ४० मिमी भोकाचा एक बुश उचलला. ड्रॉइंगवर भोकाला ० ते अधिक ०.०२५ मिमी इतकीच सूट होती. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, 'व्हर्नियरने तपासणी'. आमच्या व्हर्नियरवर सगळ्यात लहान वाचन ०.०२ मिमीचं. ऑडिटर म्हणाला, "मग हा पास कशावरून ठरवता?" गजाननभाऊंनी खिशातून शाफ्टचा जुना तुकडा काढला आणि तो भोकात घालून दाखवला. वर्षानुवर्षं आम्ही असंच तपासत होतो. मोजायचं साधन कामाला पुरेसं असलं पाहिजे, असं मानकाच्या ७.१.५ मध्ये आहे. शेरा तिथलाच पडला.

मग मी मॅन्युअल पुन्हा लिहायला घेतलं, तेही लेथशेजारी बसून, गजाननभाऊ करतील ते तसंच्या तसं. गो नो-गो प्लग गेज घेतला. ४०.००० चं टोक आत गेलं पाहिजे आणि ४०.०२५ चं जाता कामा नये. गेजवर नंबर कोरला आणि तो नागपूरच्या लॅबमधून तपासून आणला. गजाननभाऊंनी एक अट आवर्जून लिहायला लावली, ती म्हणजे बुश थंड झाल्यावरच गेज लावायचा. लेथवरून उतरलेला गरम बुश फुगलेला असतो, तेव्हा गो टोक सरळ जातं. तोच निवल्यावर अडतो. यात एकदा अख्खा लॉट गेला होता.

आम्ही गिऱ्हाइकाच्याच ड्रॉइंगवर काम करतो, म्हणून डिझाइनचं कलम ८.३ लागू नाही. ते नुसतं गाळून चालत नाही, का लागू नाही ते व्याप्तीच्या पानावर लिहावं लागतं. आम्ही दोन ओळीत लिहिलं.

जबाबदारीचं पान मात्र आठवडाभर अडलं. बुश बनवणाऱ्यानंच पास करायचा का? मानकात तशी मनाई नाही, पण घाईच्या दिवशी आपलाच माल नापास करायला हात धजत नाही. शेवटी बिलं नि डिस्पॅच पाहणाऱ्या वहिनीकडे शेवटची तपासणी दिली. त्यांना गेज लावायला शिकवलं आणि 'माल थांबवण्याचा अधिकार' असं त्यांच्या नावापुढं लिहिलं. नापास बुश लाल पेटीत जातो, पेटीची चावी त्यांच्याकडेच. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझा तातडीचा लॉट अडवला, तेव्हा घरी दोन दिवस बोलणं बंद होतं.

मॅन्युअल आता १४ पानांचं आहे. बुशचं पान लेथवर चिकटवलेलं आहे, थोडं तेलकट झालंय.