अण्णांचं पोतं आणि माझी शीट

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णा ऑफिसात आले ते खांद्यावर पोतं घेऊनच. बसा म्हटलं तर बसले नाहीत. माझ्या टेबलाशेजारी पोतं उपडं केलं आणि फरशीवर कोल्हापुरी चपलांचा ढीग पडला. सत्तावन्न जोड, प्रत्येकाला गोदामाचं स्टिकर.

"ह्ये बघा तुमचं गोदाम," ते म्हणाले. "इक्री तिप्पट झाली म्हणून तुमीच फोन केला हुता न्हवं? मग पैसं कुठं गेलं ते तेवढं सांगा."

मी कोल्हापुरात ऑनलाइन विक्रेत्यांची खाती सांभाळणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. फोटो काढून माल चढवणं एवढंच हे काम, अशी लोकांची समजूत असते. तो भाग दोन दिवसांचा. लिस्टिंगला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, म्हणून 'दुकान फुकट आहे' असं धरून लोक येतात. खरं काम त्यानंतर ऑनलाइन बाजारपेठेकडून दर आठवड्याला येणाऱ्या सेटलमेंटच्या, म्हणजे कापणी करून पैसे चुकते केल्याच्या हिशोबाच्या, फाइलमध्ये असतं. एका ऑर्डरमागे आठ-नऊ ओळी असतात, कमिशन, क्लोजिंग फी, पाठवणी, गोदामाची हाताळणी, परताव्याचा खर्च, आणि प्रत्येक ओळ दरपत्रकाशी ताडून बघायची. त्यात ०.५ टक्के टीसीएस आणि ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर असतो. तो पुढे परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण अण्णांसारखी माणसं तोही तोट्यातच धरतात. ती समजूत काढायला मला नेहमी पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी ती संधी आली नाही.

सप्टेंबरपर्यंत अण्णांचा माल घरून जात होता. ऑर्डर आली की त्यांची सून, ताई, खोकं बांधायच्या आणि संध्याकाळी कुरिअरवाला घेऊन जायचा. महिन्याला सत्तरेक जोड. ऑक्टोबरात मी त्यांना गोदामाच्या प्लॅनवर नेलं. म्हणजे माल आधीच भिवंडीच्या गोदामात नेऊन ठेवायचा, ऑर्डर आली की पॅकिंग आणि पाठवणी तेच करणार, आणि लिस्टिंगवर 'जलद डिलिव्हरी'चा शिक्का लागणार. तो शिक्का लागला आणि विक्री महिन्याला दोनशे दहा जोडांवर गेली. मी खूश, आमचे सर खूश. ऑनबोर्डिंग बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला तर विक्रेता गोदामावर हलवला की इन्सेंटिव्ह असतो, त्यामुळे त्याला हा प्लॅन कुणालाही लागू पडतो. उद्या कुणी मडकी विकायला आला तरी तो त्यांना भिवंडीला पाठवेल.

मी तेव्हा शीट केली होती, ती अजून माझ्याकडे आहे. जोडाची किंमत ९९९ रुपये. त्यातून ५ टक्के जीएसटी काढला की हातात ९५१. जोड तयार करायला चामडं आणि मजुरी धरून ५६०, खोकं वगैरे २५. या प्लॅनमध्ये हजारापर्यंत पादत्राणांवर १० टक्के कमिशन, म्हणजे १००. क्लोजिंग फी ३०, गोदामाची हाताळणी १५, लांबच्या ग्राहकाला पाठवणी ८०. ही ८० अशी की चप्पल पाऊण किलोची असली तरी खोक्याचं आकारमान सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि वजन-माप त्यावर ठरतं, म्हणून दर दीड किलोचा लागतो. भिवंडीपर्यंतचं भाडं जोडामागे १२. शेवटी १२९ रुपये सुटत होते. शंभर जोडांमागे १२,९०० असं मी अण्णांना फोनवर सांगितलं होतं.

बाजारपेठेचा स्वतःचा कॅल्क्युलेटरही अगदी असंच सांगतो. किंमत टाका, वजन टाका, 'तुमचा नफा' समोर येतो. तो विकून ग्राहकाच्या घरात राहिलेल्या जोडाचा नफा असतो. पाठवलेल्या जोडाचा नव्हे. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही, आणि तेच अजून डोक्यातून जात नाही.

त्या दुपारी अण्णांना समोर बसवून मी शीट पुन्हा केली, पाठवलेल्या शंभर जोडांची. तीन महिन्यांचा सरासरी हिशोब असा निघाला. बहात्तर जोड ग्राहकाकडे राहिले. दहा दारातूनच परत आले, म्हणजे घरी कुणी नाही, किंवा कॅश ऑन डिलिव्हरीला ऐनवेळी नकार. अठरा ग्राहकाने घेतले, घालून बघितले आणि परत केले.

बहात्तर जोडांचे १२९ प्रमाणे ९,२८८ झाले. दारातून फिरलेल्यांचं हा प्लॅन काही कापत नाही, खोकी चेपतात तेवढीच, २५० धरली. खरी गोम त्या अठरांत होती. परत आलेल्या ऑर्डरचं कमिशन सोडून देतात, पण क्लोजिंग फी, हाताळणी आणि गेलेली पाठवणी जाते ती जातेच, आणि वर परत आणायचे ९५ लावतात. ३०, १५, ८० आणि ९५ मिळून २२०, खोक्यासकट २४५. जोड परत विकण्यासारखा असेल तर तोटा इथंच थांबतो. 'विकण्यायोग्य नाही' असा शेरा पडला तर तो गोदामातून काढून घरी मागवायचे २५, आधीचं भाडं १२, आणि तो जोड कोपऱ्यावर निम्म्या भावाने विकायचा म्हणून आणखी २८०. एकूण ५६२. अठरांतले नऊ या शेऱ्याचे होते.

नऊ गुणिले २४५ आणि नऊ गुणिले ५६२, मिळून ७,२६३. शंभर जोड पाठवून अण्णांच्या हातात १,७७५ रुपये. जोडाला अठरा रुपयेसुद्धा नाहीत. गोदामाचं महिन्याचं जागाभाडं तर मी यात धरलेलंच नव्हतं.

अण्णा आकड्यांकडे बघतच नव्हते. ते खाली बसून ढिगातला एकेक जोड उचलत होते. एकाच्या तळव्याला डांबराचा डाग होता, म्हणजे हा माणूस लग्न उरकून आला असणार. एका खोक्यात जोडच नव्हता, प्लास्टिकची झिजकी स्लिपर होती, आणि गोदामाने तीही स्टिकर लावून इमानदारीत परत पाठवली होती. पण निम्म्याहून जास्त जोड कोरे होते. तळव्यावर ओरखडा नाही, अंगठा ताठ. चामड्यावर फक्त पांढुरके ठिपके.

"ही बुरशी," अण्णा म्हणाले. "माल परतीच्या पावसातला. आमी उन्हात टाकून दिला असता. तुमी प्लास्टिकात कोंडला."

गोदामाचा नियमच आहे, जोड सीलबंद प्लास्टिकच्या पिशवीत हवा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं थोडंसुद्धा दमट असताना बंद केलं की त्याला ठिपके येतात. घरी असताना परत आलेला जोड अण्णा फडक्याने पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे, दोन उन्हं दाखवायचे आणि तोच जोड पुन्हा जायचा. गोदामातला माणूस ठिपका बघतो आणि शेरा मारतो. त्याची चूक नाही, त्याला दिवसात शेकडो नग बघायचे असतात. मी या ठिपक्यांवर तीनदा तक्रार टाकली होती. तिन्ही वेळा उत्तर आलं ते 'आपली अडचण आम्ही समजू शकतो'ने सुरू होणारं आणि कशालाच उत्तर न देणारं.

मग परताव्याची कारणं उघडली. 'साइज लहान' हे एकच कारण ओळीने होतं. साइज चार्ट मी स्वतः टाकलेला, नंबर बरोबर होते. अण्णांबरोबर आलेल्या ताई इतका वेळ गप्प होत्या, त्यांनी विचारलं, "गावं बघता येतात का?" पिनकोड लावून बघितले. सप्टेंबरपर्यंत दहातल्या सात ऑर्डरी महाराष्ट्र आणि बेळगाव-हुबळीकडच्या होत्या. शिक्का लागल्यावर दहातल्या सहा बाहेरच्या, लखनौ, गुवाहाटी, दिल्ली.

"त्यांनी कोल्हापुरी आधी घातलीच नसंल," ताई म्हणाल्या. "नवीन घट्टच असते की. आठ-दहा दिवस चावती, मग पायाचा आकार घेती. आपल्याकडं कोण परत करतंय त्यासाठी?"

मी कोल्हापूरचा. माझ्या आजोबांनी मला पहिल्या जोडाला एरंडेल चोळायला लावलं होतं. आणि तीन महिन्यांत ही गोष्ट लिस्टिंगवर एक ओळ म्हणून लिहावी हे मला सुचलं नाही. आम्ही प्लॅन बदलला तेव्हा फक्त पाठवणीचा मार्ग बदलला असं मी समजत होतो. गिऱ्हाईकच बदललं होतं.

अण्णांनी सरळ उपाय काढला, "पन्नास रुपये वाढवा." हा उपाय प्रत्येक विक्रेता काढतो आणि इथंच फसतो. ९९९ चे १०४९ केले की किंमत हजाराच्या वर जाते. तिथं कमिशन १५ टक्के आणि क्लोजिंग फी ५५. इन्कम टॅक्ससारखं वरच्या रकमेपुरतं नाही, अख्ख्या १०४९ वर १५ टक्के. हातात ४७ रुपये जास्त येतात आणि कापणी ८२ रुपयांनी वाढते. पन्नासने महाग विकून पस्तीस रुपये कमी. हजाराच्या वर थेट १०९२ पर्यंत कुठलीही किंमत लावली तरी ९९९ पेक्षा कमीच सुटतं. अण्णांनी हे दोनदा समजावून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मधी खड्डा हाय." त्या खड्ड्याला आमच्या धंद्यात शब्द नाही. मी आता तोच वापरतो.

संध्याकाळपर्यंत ठरलं. भिवंडीचा उरलेला माल परत मागवायचा, पाठवणी पुन्हा घरून, किंमत ९९९ च. लिस्टिंगच्या पहिल्याच ओळीत 'नवा जोड आठ-दहा दिवस घट्ट लागतो', आणि खोक्यात तीच चिठ्ठी हिंदी-इंग्रजीत. शिक्का गेला.

मार्चअखेर आकडे असे आले. महिन्याला नव्वद जोड, दारातून फिरणारे आधीइतकेच, पण ग्राहकाकडून शंभरांत अकराच परत, त्यातले दोनच खराब. हाताळणी आणि भिवंडीचं भाडं वाचल्याने राहिलेल्या जोडामागे १५६ सुटतात. सगळं वजा करून शंभरामागे साधारण नऊ हजार. म्हणजे महिन्याला अण्णांना आठेक हजार मिळतात. गोदामातून दोनशे दहा जोड विकून पावणेचार मिळत होते.

आमच्या सरांनी मात्र महिन्याच्या बैठकीत अण्णांच्या खात्यावर बोट ठेवलं. "हे निम्म्याहून खाली का आलं?" आमची फी विक्रेत्याच्या उलाढालीवर दोन टक्के असते. अण्णांचे तीन महिने पाण्यात गेले तेव्हा आम्हाला तिप्पट मिळाले होते, आणि आता ते सावरले तर आमचे कमी झाले. मी कारण सांगितलं. सर "बरं" म्हणाले आणि पुढच्या खात्यावर गेले.

माझ्याकडे अशी आणखी अकरा खाती गोदामावर आहेत, सगळ्यांच्या शीट जुन्या पद्धतीच्या. पाठवलेल्या शंभरांच्या हिशोबाने दोन उघडून झाल्यात. काल सोलापूरच्या टॉवेलवाल्यांची उघडली. त्यांचा परतावा चारच टक्के आहे, त्यांना गोदाम परवडतं. साड्यांची शीट अजून उघडलेली नाही. ते काका दर सोमवारी फोन करून विचारतात, "या आठवड्यात किती गेले?" आणि मी आकडा सांगतो.